कन्सोल सुरू होताना सारखा रिस्टार्ट होतोय: कंपनीच्या सपोर्टला मेल कसा लिहायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्याला गेम कन्सोल दुरुस्त करतो. दुकानात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माझ्याकडच्या दुरुस्तीची गरजच नसते. कन्सोल वॉरंटीत असतो आणि कंपनीला एक नीट मेल गेला की काम होतं. तो मेल कसा लिहायचा, हे फोनवर आणि व्हॉट्सॲपवर इतक्या वेळा सांगून झालंय की आता ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो.

1. "लूपमध्ये अडकलाय" म्हणजे नक्की काय? माझ्या कन्सोलला तेच झालंय हे कसं ओळखू?

बटण दाबल्यावर दिवा लागतो, लोगो दिसतो किंवा दिसायच्या बेतात असतो आणि होम स्क्रीन यायच्या आत कन्सोल बंद पडतो. मग तुम्ही हात न लावता तो आपोआप पुन्हा सुरू होतो आणि हेच चक्र चालू राहतं. याला लूप म्हणायचं. बंद पडून बंदच राहत असेल तर ती वेगळी तक्रार आहे, मेलमध्येही तसंच लिहा.

दिवा स्थिर आहे, पंखा शांतपणे फिरतोय, पण टीव्ही काळा आहे, हाही लूप नव्हे. तिथे एचडीएमआय केबल, पोर्ट किंवा टीव्हीच्या सेटिंगची शक्यता जास्त. शंका असेल तर एचडीएमआय केबल काढा, कन्सोल चालू करा आणि कान देऊन ऐका. टीव्ही जोडलेला नसतानाही बीप, पंख्याची घरघर, शांतता, पुन्हा बीप असं ऐकू आलं तर लूप नक्की आहे.

2. आधी तुमच्याकडे आणू की थेट कंपनीला मेल करू?

वॉरंटी चालू असेल तर आधी मेल. मी कन्सोल उघडला की सील तुटतं आणि मग कंपनी फुकट दुरुस्ती नाकारू शकते. उघडावं न लागणाऱ्या तपासण्या (प्रश्न 8 आणि 9) तुम्ही घरीच करू शकता. वॉरंटी संपली असेल तरी एक मेल टाकून खर्चाचा अंदाज मागवा. कंपनी काय दर सांगते हे हातात असलं की बाहेरच्या दुरुस्तीचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

3. मेलमध्ये काय काय हवं?

मॉडेल नंबर, सीरियल नंबर, खरेदीची तारीख आणि दुकान, लूप कधीपासून आहे आणि नेमका कसा दिसतो, तुम्ही कोणते उपाय कोणत्या क्रमाने केले आणि प्रत्येकाने काय झालं, शेवटी पिनकोडसह पत्ता आणि फोन नंबर. सोबत बिलाचा आणि सीरियलच्या स्टिकरचा फोटो. एवढं पुरे.

मेलचा पत्ता खोक्यातल्या वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. काही कंपन्या मेलऐवजी वेबसाइटवरचा फॉर्म भरायला सांगतात. तिथेही हाच मजकूर चालतो. गूगलवर "कस्टमर केअर" शोधून मिळालेल्या अनोळखी नंबरवर फोन करू नका. समोरचा माणूस स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगत असेल किंवा "रजिस्ट्रेशनचे दहा रुपये" मागत असेल तर तो तुमचं खातं रिकामं करायला बसलाय. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

4. "कन्सोल ऑन होत नाही, लवकर मदत करा" एवढं लिहिलं तर चालत नाही का?

चालतं, पण उत्तरात फक्त प्रश्नावली येते आणि दोन-चार दिवस वाया जातात. मेल वाचणाऱ्यासमोर तुमचा कन्सोल नसतो. त्याला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: तुमच्याकडून आणखी काही करून घ्यायचं, की कन्सोल मागवून घ्यायचा. ते ठरवायला सगळ्यात उपयोगी पडतात ते सेकंद.

फोनवर स्टॉपवॉच लावा. बटण दाबल्यापासून लोगो किती सेकंदांनी येतो आणि स्क्रीन कितव्या सेकंदाला काळा होतो हे लिहून घ्या. हे तीनदा करा. दर वेळी दिव्याचा रंग आणि बीपही लिहा.

हे का करायचं ते सांगतो. लोगो येण्याआधीच, दोन-तीन सेकंदांत आणि दर वेळी वेगळ्याच क्षणी तो बंद पडत असेल, तर संशय विजेवर जातो: सॉकेट, केबल, आतला पॉवर सप्लाय किंवा बोर्ड. लोगो व्यवस्थित येऊन दर वेळी जवळपास त्याच सेकंदाला बंद पडत असेल, तर संशय सिस्टिम सॉफ्टवेअरवर किंवा स्टोरेजवर. कन्सोल सुरू होताना फाइल एका ठरलेल्या क्रमाने वाचतो. खराब झालेल्या जागेशी आला की तो दर वेळी तिथेच ठेचकाळतो. तासभर बंद ठेवल्यावर काही मिनिटं चालतो आणि गरम झाल्यावर लूप लगेच सुरू होतो, असं असेल तर पंखा, धूळ, उष्णता या बाजूने बघावं लागतं.

ही फक्त लक्षणं आहेत, पुरावा नाही. म्हणून मेलमध्ये "माझी हार्ड डिस्क गेली आहे" असं निदान लिहू नका. ते चुकलं तर सगळी चर्चा त्याच्यावरच अडकते. जे दिसलं, ऐकू आलं आणि मोजलं तेच लिहा.

5. एखादा खरा मेल दाखवाल का?

कळव्याच्या एका ताईंनी भाऊबीजेला मुलासाठी कन्सोल घेतला होता. जूनमध्ये तो लूपमध्ये गेला. त्यांचा पहिला मेल दीड ओळीचा होता आणि उत्तरात तीच ठरलेली प्रश्नावली आली. मग त्या कन्सोल घेऊन दुकानात आल्या. मी तो उघडला नाही. काउंटरवर मांडला, जुना टीव्ही जोडला आणि त्यांच्या मुलाच्या हातात स्टॉपवॉच दिलं. पोरगा डोळ्याची पापणी न हलवता बघत होता. तीनदा मोजलं: 31, 31, 30. त्या आकड्यांवरून हा मेल तयार झाला:

> विषय: कन्सोल सुरू होताना सतत रिस्टार्ट होतो – सीरियल नंबर (इथे पूर्ण नंबर) – खरेदी 3 नोव्हेंबर 2024
>
> नमस्कार,
>
> माझा कन्सोल 14 जून 2025 च्या संध्याकाळपासून होम स्क्रीनपर्यंत पोहोचत नाही.
>
> मॉडेल नंबर: (स्टिकरवरून)
> सीरियल नंबर: (स्टिकरवरून, फोटो जोडला आहे)
> खरेदी: 3 नोव्हेंबर 2024, ठाण्यातील दुकानातून, बिल जोडले आहे
>
> काय होते: बटण दाबल्यावर एक बीप येतो आणि पांढरा दिवा लागतो. 9 सेकंदांनी लोगो दिसतो. 30 ते 31 सेकंदांनी स्क्रीन काळा होतो, दिवा जातो आणि सुमारे 4 सेकंदांनी कन्सोल आपोआप पुन्हा सुरू होतो. तीन वेळा मोजले, दर वेळी असेच झाले. स्क्रीनवर कोणताही एरर कोड येत नाही. 14 जूनला सिस्टिम अपडेट सुरू असताना घरातील वीज गेली होती. त्यानंतर हे सुरू झाले.
>
> केलेले उपाय, याच क्रमाने:
> 1. भिंतीवरील सॉकेटला थेट जोडला, दुसऱ्या घरातही लावून पाहिला – फरक नाही.
> 2. बाहेरची हार्ड डिस्क, डिस्क आणि सर्व यूएसबी काढले – फरक नाही.
> 3. दुसरी एचडीएमआय केबल, दुसरा टीव्ही – फरक नाही.
> 4. सेफ मोड उघडतो. तिथे कन्सोल दहा मिनिटे बंद पडला नाही.
> 5. पेन ड्राइव्हवरून सिस्टिम अपडेट – मध्येच थांबून रिस्टार्ट.
> 6. डेटाबेस रिबिल्ड – मध्येच थांबून रिस्टार्ट.
>
> सर्व डेटा पुसणारा रिसेट केलेला नाही. तो करण्याआधी आपला सल्ला हवा आहे. कन्सोल कधीही उघडलेला नाही. सलग दोन लूपचा 70 सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे.
>
> कन्सोल तपासणीसाठी पाठवायचा असल्यास कृपया पिकअपची पद्धत कळवा.
>
> (नाव, फोन, पिनकोडसह पत्ता)

यातली चौथी ओळ सगळ्यात वजनदार आहे. सेफ मोड म्हणजे कन्सोल फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू करणं. त्यात तो दहा मिनिटं टिकला, म्हणजे वीज आणि उष्णतेवरचा संशय बराच कमी झाला. पाचव्या आणि सहाव्या ओळीने स्टोरेजकडे बोट दाखवलं, तेही आपण "स्टोरेज" हा शब्द न लिहिता. कंपनीने यावर एकही जास्तीचा प्रश्न विचारला नाही, थेट पिकअपची तारीख दिली.

6. कन्सोल सुरूच होत नाही, मग सेटिंगमध्ये जाऊन सीरियल नंबर कसा बघणार?

कन्सोलच्या पाठीमागे किंवा बुडाशी स्टिकर असतो किंवा कोरलेला मजकूर असतो, तिथून घ्या. अक्षरं फार बारीक असतात. टॉर्च समोरून मारला तर चमकतात, वाचता येत नाहीत. उजेड बाजूने तिरका पडू द्या, फोनवर फोटो काढा आणि मोठा करून वाचा. `0` आणि `O`, `1` आणि `I`, `8` आणि `B` यांत हमखास गल्लत होते. नंबर टाइप करून झाला की घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगून ताडून बघा.

मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर वेगळे. प्लेस्टेशन 5 वर `CFI-` ने सुरू होणारा मजकूर हा मॉडेल नंबर. तो तुमच्यासारख्या हजारो लोकांकडे तोच असतो. सीरियल नंबर मात्र तुमच्या एकट्याच्या कन्सोलचा.

खोक्यावरही सीरियल असतो, पण तो कन्सोलवरच्या नंबराशी जुळतो का ते आधी बघा. दुकानातला डेमो पीस किंवा बदली मिळालेला पीस दुसऱ्याच खोक्यात घालून दिला गेल्याचं मी पाहिलंय. नंबर जुळत नसतील तर कन्सोलवरचा नंबर मुख्य धरा, खोक्यावरचा वेगळा आहे हे एका ओळीत सांगा आणि दोन्हीचे फोटो जोडा. स्टिकर मात्र सोलू नका. त्याशिवाय पीस ओळखताच आला नाही तर वॉरंटीचा मार्गच बंद होतो.

7. खरेदीची तारीख कोणती धरायची? आणि बिल हरवलं असेल तर?

साधारणपणे बिलावरची तारीख. ऑनलाइन मागवलेल्या कन्सोलचं बिल आधीच्या तारखेचं असतं आणि पार्सल चार दिवसांनी येतं. दोन्ही तारखा लिहा. चार दिवसांचा प्रश्न उभा राहिला तर डिलिव्हरीचा मेसेज कामाला येतो.

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. आपण 03/04/2025 म्हणजे 3 एप्रिल समजतो, अमेरिकी पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती 4 मार्च होते. एक वर्षाच्या वॉरंटीत एक महिना सहज बुडू शकतो.

बिल हरवलं असेल तर दुकानात जा. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात, त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांतल्या बिलाची प्रत निघायला हवी. जाताना पैसे दिल्याचा पुरावा न्या, म्हणजे यूपीआयचा मेसेज किंवा कार्डाचं स्टेटमेंट. त्यावरून त्यांना तारीख सापडते. ऑनलाइन खरेदीचं बिल तुमच्या ऑर्डरच्या यादीतून पुन्हा डाउनलोड होतं. काउंटरवर मिळालेलं बिल गुळगुळीत थर्मल कागदाचं असेल तर आजच फोटो काढून ठेवा. ठाण्याच्या दमट हवेत कपाटातल्या कपाटात अक्षरं उडतात आणि हातात कोरा कागद राहतो.

8. मेल करण्याआधी घरी काय काय करून बघू?

क्रम असा ठेवा की ज्याने काहीच बिघडणार नाही ते आधी आणि डेटा जाऊ शकतो ते शेवटी.

सुरुवात विजेपासून. कोपरखैरण्याचे एक गृहस्थ तीन आठवडे लूपने हैराण होते. त्यांचा कन्सोल टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डवर होता. त्याच बोर्डवर सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि साउंडबारही. मी फोनवर त्यांना फक्त प्लग काढून पिना बघायला सांगितल्या. एका पिनेच्या बुडाशी काळा डाग होता. सॉकेट सैल झालं होतं आणि आत ठिणगी पडत होती. लोगो आल्यावर कन्सोल जास्त वीज ओढू लागला की संपर्क तुटायचा. भिंतीवरच्या सॉकेटला थेट लावल्यावर कन्सोल नीट सुरू झाला. म्हणून एक्स्टेन्शन, स्पाइक गार्ड, यूपीएस सगळं बाजूला ठेवून आधी भिंतीचं सॉकेट, आणि जमलं तर शेजाऱ्यांच्या घरचंही. पॉवर केबल काढून दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा लावा.

नंतर कन्सोलला जोडलेलं सगळं काढा: बाहेरची हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, हेडसेटचा डोंगल, आतली गेमची डिस्क. बिघडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कमुळे कन्सोल अडखळल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तुम्ही स्वतः एसएसडी बसवली असेल आणि कंपनीच्या माहितीपुस्तकात ती काढायची पद्धत दिली असेल, तर तीही काढून बघा. बसवली होती हे मेलमध्ये लिहा.

मग दुसरी एचडीएमआय केबल आणि दुसरा टीव्ही. त्यानंतर सेफ मोड, त्यासाठी प्रश्न 9. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निकाल लगेच कागदावर टिपा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि कन्सोल चालू झाला, तर चूक कशात होती ते कधीच कळत नाही.

9. सेफ मोड कसा उघडायचा? माझा कंट्रोलर तिथे चालतच नाही.

प्लेस्टेशन 5 पूर्ण बंद करा. पॉवर बटण दाबून धरा. पहिला बीप लगेच येतो, दुसरा साधारण सात सेकंदांनी. दुसऱ्या बीपला बोट सोडा. मग कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा आणि त्यावरचं पीएस बटण दाबा. सेफ मोडमध्ये ब्लूटूथ चालत नाही, केबल लागतेच, आणि ती डेटा नेणारी असावी लागते. घरातली जुनी चार्जिंगची केबल बऱ्याचदा फक्त वीज नेते. कंट्रोलरचा दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीच हलत नाही. कन्सोलसोबत आलेली केबल वापरा.

यादीत `Clear Cache and Rebuild Database` हा पर्याय दिसेल. त्याने गेम आणि सेव्ह जात नाहीत. पेन ड्राइव्हवरून अपडेट करायचा असेल तर ड्राइव्ह `FAT32` किंवा `exFAT` असावा आणि फाइल बरोबर या जागी, याच नावाने असावी:

```
PS5/UPDATE/PS5UPDATE.PUP
```

ही फाइल कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. ब्राउझरने नावापुढे `(1)` जोडला तरी कन्सोलला फाइल सापडत नाही.

एक्सबॉक्स सिरीज एक्सवर पेअर आणि इजेक्ट ही दोन्ही बटणं धरून वरचं एक्सबॉक्स बटण दाबायचं आणि पहिली दोन बटणं 10 ते 15 सेकंद तशीच धरून ठेवायची. सुरू होण्याचा आवाज दोनदा आला की सोडायची. सिरीज एसला डिस्कची खाच नाही, तिथे फक्त पेअर धरायचं. इथे अपडेटचा पेन ड्राइव्ह `NTFS` लागतो.

सेफ मोड उघडलाच नाही किंवा उघडून त्यातही लूप झाला, तर हात लावायचं थांबवा आणि तेच वाक्य मेलमध्ये वरच्या बाजूला लिहा. कन्सोल मागवून घ्यायला कंपनीला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. स्क्रीनवर कोड आला असेल (प्लेस्टेशनवर `CE-` ने सुरू होणारा, एक्सबॉक्सवर सुरू होताना `E` आणि तीन आकडे), तर फोटो काढून जसाच्या तसा लिहा.

10. यादीत "रिसेट" दिसतंय. करून टाकू का?

सेव्ह सुरक्षित आहेत याची खात्री होईपर्यंत नको. प्लेस्टेशन 5 च्या गेमचे सेव्ह पेन ड्राइव्हवर काढता येत नाहीत. ते क्लाउडवर जातात आणि त्यासाठी प्लेस्टेशन प्लसचं सदस्यत्व लागतं. सदस्यत्व नसेल तर पोराने वर्षभर खेळून जमवलेलं सगळं त्या एका बटणाने जातं. एक्सबॉक्सवर ऑनलाइन असताना सेव्ह आपोआप क्लाउडला जातात आणि रिसेटमध्ये गेम व ॲप ठेवण्याचाही पर्याय असतो.

म्हणून मेलमध्ये "रिसेट केलेला नाही, सल्ला हवा" हे लिहायचं. एक मात्र मनात धरून चाला: कंपनीकडे दुरुस्तीला गेलेला कन्सोल डेटा पुसून किंवा बदलून परत येऊ शकतो. सेव्ह वाचवायचे असतील तर कन्सोल देण्याआधीच विचारा.

11. लाइट गेल्यावर हे झालं. ते लिहिलं तर वॉरंटी नाकारतील ना?

पावसाळ्यात हा प्रश्न रोज येतो. अपडेट चालू असताना वीज गेली आणि सिस्टिमच्या फाइल अर्धवट राहिल्या, ही एक गोष्ट. उच्च दाबाचा झटका बसून पॉवर सप्लाय जळाला, ही दुसरी. दुसऱ्या प्रकाराला बऱ्याच वॉरंटीत संरक्षण नसतं, पहिल्याने मात्र हार्डवेअरचं नुकसान होईलच असं नाही. जे घडलं ते एका वाक्यात तारखेसह लिहा, जसं वरच्या मेलमध्ये आहे. "शॉर्टसर्किट झालं", "व्होल्टेज वाढलं" हे तुम्ही मोजलेलं नाही, तेव्हा ते शब्द वापरू नका. खरोखर जळका वास आला असेल तर लपवूही नका, आणि तो कन्सोल पुन्हा चालू करू नका. बोर्ड उघडल्यावर जळलेला भाग तंत्रज्ञाला दिसतोच, आणि मग तुमच्या बाकीच्या मेलवरचाही विश्वास जातो.

12. मेल मराठीत लिहू का? व्हिडिओ कसा पाठवू?

समजायला सोपं जावं म्हणून वरचा नमुना मराठीत दिला. पाठवताना इंग्रजीत पाठवा, कारण मेल वाचणारा कोणत्या राज्यात किंवा देशात बसलाय हे सांगता येत नाही. इंग्रजी साधंच असू द्या. आकडे आणि क्रम बरोबर असले की व्याकरणाच्या चुकीने काही अडत नाही.

व्हिडिओत दोन लूप सलग यायला हवेत आणि कन्सोलचा दिवा व टीव्हीचा स्क्रीन एकाच चौकटीत दिसायला हवेत. मागे टीव्हीचा किंवा घरातला आवाज नको, बीप ऐकू आला पाहिजे. जीमेलला जोडणीची मर्यादा 25 एमबी आहे, म्हणून आधीच कमी रेझोल्यूशनवर शूट करा.

13. सगळं लिहिलं तरी त्यांनी तेच उपाय पुन्हा करायला सांगितले. काय करू?

त्याच मेलला उत्तर द्या, नवा मेल सुरू करू नका. केस नंबर बदलला की नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. त्यांच्या प्रत्येक मुद्द्याखाली निकाल लिहा: "हे 15 जूनला केले, मध्येच थांबून रिस्टार्ट." एखादी गोष्ट खरंच राहिली असेल तर करून बघा आणि तारखेसह कळवा. फोनवर बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी "आज आपले असे बोलणे झाले" हे दोन ओळींत मेल करा.

14. वॉरंटी चार दिवसांत संपतेय.

मग सगळे उपाय होईपर्यंत थांबू नका. मॉडेल, सीरियल, तारीख, बिलाचा फोटो आणि लूपचं एका ओळीतलं वर्णन एवढंच आजच्या आज पाठवा आणि "सविस्तर निकाल उद्या कळवतो" असं लिहा. तक्रार मुदतीत नोंदली गेली याचा पुरावा म्हणजे तो मेल आणि त्यावर येणारा केस नंबर. बाकी प्रश्न 8 प्रमाणे करून त्याच धाग्यात पाठवा.

15. कन्सोल दुबईहून आणलाय, किंवा जुना घेतलाय, किंवा आधी बाहेर उघडलाय. मेल करण्यात अर्थ आहे का?

बाहेरून आणलेल्याची वॉरंटी बहुधा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते. मेल करा, पण पहिल्याच ओळीत कुठून घेतला ते लिहा, नाहीतर चार मेलनंतर सीरियलवरून ते निघतं आणि वेळ फुकट जातो. पैसे भरून दुरुस्ती इथे होईल का, असं थेट विचारा.

जुना घेतला असेल तर मूळ मालकाचं बिल मागून घ्या. वॉरंटी पहिल्या खरेदीपासून मोजली जाते, तुम्ही घेतल्यापासून नाही. ती पुढच्या मालकाला मिळते का, हे वॉरंटी कार्डावर वाचा. आधी उघडला असेल तर कधी आणि कशासाठी ते लिहा.

16. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही किंवा उडवाउडवी चाललीय.

आधी त्याच धाग्यात एक आठवण, ठरावीक तारखेपर्यंत उत्तर मागून. ऑनलाइन बाजारातून घेतला असेल तर त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. त्यानेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथेही लागतं तेच: सीरियल, तारीख, बिल, मेलचा धागा.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेलकरांनी मात्र रायगड जिल्हा धरायचा. नवी मुंबई म्हणून सगळे ठाण्याला जातात आणि हेलपाटा पडतो.

17. पिकअपवाला उद्या येतोय. काय काय द्यायचं? आणि परत आल्यावर काय बघायचं?

त्यांनी मागितलंय तेवढंच द्या. डिस्क आत अडकली नाही ना ते पाहा. कंट्रोलर, बाहेरची डिस्क आणि केबल सांगितल्याशिवाय देऊ नका. खोकं बंद करण्याआधी कन्सोलच्या चारही बाजूंचा आणि सीरियलचा फोटो घ्या. पार्सल सोसायटीच्या गेटवर ठेवून जाऊ नका, पावती स्वतःच्या हातात घ्या.

परत आल्यावर आधी सीरियल बघा. नंबर वेगळा असेल तर पीस बदलून दिलाय. जोडपत्रात तसा उल्लेख आहे का आणि उरलेली वॉरंटी नव्या नंबरावर चढली का, हे त्याच धाग्यात लेखी विचारा. मग कन्सोल भिंतीच्या सॉकेटला लावा आणि तासभर चालवा. पुन्हा लूप झाला तर जुन्या केस नंबरावरच कळवा, आणि सेकंद पुन्हा मोजा. कळव्याच्या ताईंच्या कन्सोलला या वेळी होम स्क्रीन यायला 22 सेकंद लागले. त्यांच्या पोराने तेही लिहून ठेवलंय.